नव्या सुनेचा सासरचा पहिला वाढदिवस: शुभेच्छा कशा लिहाव्यात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्याच वाढदिवसाचं एवढं काय? नुसतं 'वाढदिवसाच्या शुभेच्छा' पुरत नाही का?

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बाकी सगळ्याच्या रीती ठरलेल्या असतात. श्रावणात मंगळागौर, दिवाळीला दिवाळसण, संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने. काय आणायचं, कुणाला बोलवायचं, हे चार बायकांना विचारलं की कळतं. वाढदिवसाला मात्र अशी रीत नाही. मग होतं काय, सासू म्हणते 'त्या दोघांचं काहीतरी ठरलं असेल', मुलगा म्हणतो 'आई बघेल', आणि ती मुलगी सकाळी उठून नेहमीसारखा डबा भरायला लागते. माहेरी तिचा वाढदिवस कसा असतो ते या घरात फक्त तिलाच ठाऊक असतं. ते स्वतःहून सांगायचं तर तिला मागितल्यासारखं वाटतं.

म्हणून पहिल्या वर्षीचा संदेश नुसता शुभेच्छांचा राहत नाही. गेले काही महिने ही आपल्यात वावरते आहे, ती कोण आहे याकडे आपलं लक्ष आहे, हे त्यातून तिला कळायला हवं. दुसऱ्या वर्षापासून 'हॅपी बर्थडे गं' खुशाल चालेल.

मग लिहायचं काय? पेन घेऊन बसलं की काहीच सुचत नाही.

सुचत नाही, कारण आपण भावनेपासून सुरुवात करतो. पाहिलेल्या गोष्टीपासून करा. लग्न झाल्यापासूनचे दिवस डोळ्यांपुढे आणा आणि तिची एकच गोष्ट निवडा, तुम्ही स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली. छोटीच हवी. ती फोनवर मैत्रिणीशी बोलताना आवाज कसा बदलतो, लिफ्ट बंद असली की चौथ्या मजल्यापर्यंत कुठलं गाणं गुणगुणत येते, कोळणीशी भाव करताना कशी हरते, काहीही.

निवडताना एक पथ्य पाळा. ती गोष्ट तिने घरासाठी केलेलं काम नसावी. 'तुझा चहा फक्कड होतो', 'बाबांच्या गोळ्या वेळेवर देतेस', 'सगळं कसं पटकन शिकलीस' हे सगळं कौतुकच आहे, पण वाढदिवसाच्या दिवशी ते वार्षिक कामगिरीच्या अहवालासारखं वाचलं जातं. आणि पुढच्या वर्षी चहा बिघडला तर काय, हाही प्रश्न त्यात दडलेला असतोच. कामाचं कौतुक रोजच्या रोज, काम झालं की तिथल्या तिथे करावं. आज तिचं करायचं आहे.

लिहून झालं की पारखून बघा. नाव बदलून हाच मजकूर शेजारच्या घरातल्या सुनेला पाठवला तर चालेल का? चालत असेल तर तुम्ही अजून काहीच लिहिलेलं नाही.

एखादं उदाहरण देता का?

मुलुंडचं एक घर धरू या. वन बीएचके, माणसं चार. मे महिन्यात लग्न झालं, सुनेचा वाढदिवस नोव्हेंबरात. माहेर कोल्हापूरचं, नोकरी बीकेसीला. सकाळी साडेआठला घर सोडते, मुलुंडहून लोकलने कुर्ला, तिथून शेअर रिक्षा. सासूबाईंनी पहिला खर्डा असा लिहिला:

> प्रिय …, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! लक्ष्मीच्या पावलांनी आमच्या घरात आलीस आणि घराला घरपण आलं. तू आमची सून नाहीस, लेकच आहेस. आता हेच तुझं घर. अशीच हसत राहा, सगळ्यांना सांभाळून घे. पुढच्या वाढदिवसाला आपण चाराचे पाच होऊ दे हीच देवाजवळ प्रार्थना.

यात मनाने वाईट असं एकही वाक्य नाही. तरी सुनेच्या बाजूने वाचून बघा. 'घराला घरपण आलं' हे प्रत्येक घरात प्रत्येक सुनेला सांगतात, त्यामुळे ते तिच्यापाशी थांबत नाही. 'सगळ्यांना सांभाळून घे' ही शुभेच्छा नव्हे, जबाबदारी आहे. आणि शेवटच्या वाक्यात वाढदिवस तिचा राहिलाच नाही, तो अजून न आलेल्या बाळाचा झाला. लग्नाला सहा महिने झालेली मुलगी संदेशातलं बाकी सगळं विसरेल, हे एक वाक्य विसरणार नाही. 'गोड बातमी', 'पाळणा', 'आजी-आजोबा करा' यातलं काहीही, कितीही आडून, गमतीतसुद्धा नको.

मग सासूबाईंना विचारलं, घरात ती कधी मनापासून हसते? त्या पटकन म्हणाल्या, रविवारी, ह्यांच्याबरोबर शब्दकोडं सोडवताना. त्यावरून दुसरा खर्डा झाला:

> चि. सौ. …,
>
> वाढदिवसाचे अनेक आशीर्वाद.
>
> रविवारी सकाळी तू आणि बाबा शब्दकोडं घेऊन बसता, तेव्हा मी ओट्याशी उभी राहून ऐकत असते. तुला शब्द केव्हाच आलेला असतो, पण तू पेन खाली ठेवून त्यांना आठवू देतेस. नाहीच आठवला, की मग सांगून मोकळी होतेस आणि वर हसतेस! त्यांना असं कुणी हरवलेलं मला फार आवडतं.
>
> काल तुझ्या आईंशी बोलले. तुमच्याकडे वाढदिवसाला सकाळी शेवयांची खीर असते आणि पहिली वाटी भाऊ देतो, असं त्या म्हणाल्या. खीर केली आहे. साडेसातला भावाचा व्हिडिओ कॉल येईल, वाटी त्याच्यासमोरच उचल.
>
> खिडकीजवळच्या कपाटाचे वरचे दोन कप्पे रिकामे केले आहेत. तुझी पुस्तकं मेपासून बॅगेतच आहेत. आता ती तिथे लाव.
>
> खूप मोठी हो, सुखात राहा.
>
> तुझी अहो आई

पहिल्या परिच्छेदात पाहिलेली गोष्ट आहे, दुसऱ्यात माहेर, तिसऱ्यात जागा. 'हे तुझंच घर' असं कुठेही म्हटलेलं नाही, कप्पे रिकामे केले एवढंच सांगितलं आहे. मुंबईच्या वन बीएचकेत दोन कप्पे मोकळे करणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तुमच्याकडे कप्पा नसेल तर लॅचची वेगळी किल्ली, खाली लेटरबॉक्सवर तिचं नाव, तिच्या लॅपटॉपपुरती टेबलाची एक बाजू. मात्र जे लिहाल ते त्या दिवशी सकाळी झालेलं असायला हवं. 'करू या लवकरच' असेल तर लिहू नका.

'सून नाहीस, लेकच आहेस' यात वावगं काय? आम्ही खरंच तसं मानतो.

मानत असाल, उत्तमच. पण वाढदिवसाच्या दिवशी तिला तिची आई सर्वांत जास्त आठवत असते आणि नेमकं त्याच दिवशी आपण तिला सांगतो की आता तू आमची मुलगी. तिला ते माहेर पुसल्यासारखं वाटू शकतं. शिवाय हे वाक्य तिला जोखून बघता येतं. सख्खी लेक सुट्टीच्या दिवशी दहापर्यंत झोपली तर तुम्ही पांघरूण घालता. सून झोपली तर? याचं उत्तर तिला माहीत असतं. सून हे नातं काही कमी दर्जाचं नाही, ते तसंच राहू द्या आणि चांगलं राहू द्या.

माहेरच्यांना आधी फोन करावा का?

जरूर करा, तोही चार-पाच दिवस आधी. विहीणबाईंना सरळ विचारा, तुमच्याकडे वाढदिवसाला काय असतं? यात तीन गोष्टी कळतात. काय गोड करतात, कोण ओवाळतं, आणि वाढदिवस तारखेने असतो की तिथीने. शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. काही घरांत केक तारखेला आणि औक्षण तिथीला असतं. तिथी दर वर्षी तारखेच्या मागेपुढे सरकते, अधिक महिना आला की एकदम पुढे जाते आणि दोन्ही पुन्हा जवळजवळ जुळायला साधारण १९ वर्षं लागतात. म्हणजे तुम्ही तारखेला सगळं नीट केलंत आणि माहेरी औक्षणाचा दिवस दहा दिवसांपूर्वीच होऊन गेला, असं होऊ शकतं. संदेश तारखेलाच द्या, तिथीच्या दिवशी नुसतं निरांजन लावून ओवाळा.

माहेरचा एक पदार्थ त्या दिवशी तिच्या ताटात आला आणि संदेशात त्याचा एका ओळीचा उल्लेख झाला की पुरे. माहेरच्यांचं कौतुक करणारा पूर्ण परिच्छेद लिहाल, तर ते लग्नातल्या भाषणासारखं होतं.

मायना काय लिहावा? 'चि. सौ. कां.' चालेल?

ते लग्नपत्रिकेत, लग्नाआधी. आता 'चि. सौ.' लिहा. अशी अक्षरं नकोशी वाटणाऱ्या मुली आहेत आणि त्यांचंही बरोबर आहे. तिथे 'प्रिय' आणि नाव छान दिसतं. शेवटी मात्र ती तुम्हाला ज्या नावाने हाक मारते त्याच नावाने सही करा. ती 'अहो आई' म्हणत असेल तर 'अहो आई', 'काकू'वरून अजून पुढे सरकली नसेल तर 'काकू'. सही करताना हळूच 'आई' लिहून तिला पुढे ढकलू नये.

लग्नात तिचं नाव बदललं आहे. कुठलं लिहायचं?

ज्या नावाने तिला वीस-पंचवीस वर्षं वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळत आल्या, ते. तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं नाव तिला आवडत असेल, ती स्वतः ते वापरत असेल, तर ते. ती वापरत नसेल तर या दिवशी तरी आग्रह नको. शंका असेल तर ऑफिसच्या ओळखपत्रावर काय आहे ते बघा.

एकच संदेश सगळ्यांनी मिळून द्यावा, की प्रत्येकाने वेगळा?

वेगळा, आणि शक्य तेवढा छोटा. 'समस्त परिवारातर्फे' म्हटलं की कुणाचाच आवाज येत नाही, सोसायटीच्या फलकावरची सूचना वाटते. सासूने मोठा लिहिला असेल तर सासऱ्यांनी दोनच ओळी लिहाव्यात. कमी बोलणाऱ्या सासऱ्यांच्या दोन ओळींना वजन असतं. वरच्या घरातल्या सासऱ्यांनी त्याच कागदाच्या पाठीमागे लिहिलं, 'आडवे शब्द तुझे, उभे माझे. रविवारी भेटू. बाबा.' झालं.

नणंदेने नणंदेसारखं लिहावं. ती चिडवू शकते, सासू नाही. थट्टा करताना स्वयंपाक, वजन, उशिरा उठणं आणि 'आमच्या दादाला पटवलंस' हे विषय वगळले तरी पुष्कळ उरतं. दिराला काही सुचत नसेल तर त्याने केक आणावा.

रात्री बाराला उठवून द्यावा का?

तिला विचारा, म्हणजे तिच्या नवऱ्याला विचारा. वन बीएचकेत बाराला दिवे लावले की सगळं घर उठतं आणि सकाळची लोकल कुणासाठी थांबत नाही. बाराची वेळ त्या दोघांसाठी सोडलेली बरी. सासरच्यांची वेळ सकाळची, ती घराबाहेर पडायच्या तासभर आधीची, वाचायला पाच मिनिटं मिळतील अशी. डब्यात चिठ्ठी घालायची कल्पना गोड आहे, पण ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर चारजणी डबे उघडून बसलेल्या असतात आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली जाते. डब्यात घालायची तर एक ओळ घाला, खासगी काही नको.

व्हॉट्सॲपवर पाठवला तर?

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक ओळ टाका, जेणेकरून बाकीच्यांना कळेल. खरा मजकूर तिथे नको. ग्रुपवर टाकला की तो तिच्यासाठी राहत नाही, चुलत सासूबाईंसाठी होतो, आणि तिला सगळ्यांसमोर तेवढ्याच लांबीचं कृतज्ञ उत्तर लिहीत बसावं लागतं. वर चाळीस जणांच्या केकच्या चित्रांत तो दहा मिनिटांत वर सरकून जातो. फोटो टाकणार असाल तर तिला आधी दाखवा. सासरच्या ग्रुपवरचा पहिला फोटो कुठला असावा याबद्दल तिचं ठाम मत असतं, ती फक्त बोलत नाही.

मोठा संदेश हाताने लिहा. अक्षर वाईट असलं तरी चालतं. वहीचा कागद फाडून घेतलात तरी चालतो, फक्त फाटलेली कड नीट कापा. लिहायला हात थरथरत असेल तर आवाजी संदेश पाठवा. तो ती ट्रेनमध्ये कानाला लावून ऐकेल.

किती मोठा असावा?

कागदाची एक बाजू. वरचा दुसरा खर्डा शंभर शब्दांच्या आसपास आहे. त्याहून मोठा झाला की उपदेश आत शिरतो.

कविता, चारोळी?

तुम्ही स्वतः रचत असाल तर हो. 'सून' आणि 'गुण' यांचं यमक जुळवलेल्या तयार चारोळ्या नकोत.

औक्षण करताना वाचून दाखवायचा का?

नाही. औक्षणाच्या वेळी सगळ्यांचं लक्ष तिच्यावर असतं, तिला रडू आलं तर लपवायला जागा नसते. आधी औक्षण उरकून घ्या. पाट पूर्वेकडे तोंड करून, तबकात हळद-कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी आणि निरांजन. कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, सुपारी-अंगठीने ओवाळायचं, मग निरांजनाने, मग तोंड गोड. मुंबईच्या खोल्यांत डोक्यावरचा पंखा बंद करायचा राहतो आणि निरांजन तिच्यापर्यंत पोचायच्या आत विझतं. मग कुणीतरी 'असू दे, असू दे' म्हणतं आणि उगाच चेहरे पडतात. पंखा आधी बंद करा. पाया पडली की तोंडाने 'औक्षवंत हो' म्हणा आणि कागद हातात द्या, घडी केलेला. ती केव्हा वाचते ते बघत बसू नका.

ओवाळायचं कुणी, यावरून काही घरांत सासूबाई मागे सरतात, कारण त्यांचे यजमान आता नाहीत. शेजारच्या काकूंना बोलावतात. माझ्या मते त्यांनीच ओवाळावं, आणि सगळ्यांत आधी. संदेश लिहिणारे हात ओवाळायला का चालू नयेत?

सून मराठी नाही. तरी मराठीत लिहावं का?

मुंबईत हा प्रश्न घरोघरी आहे. हिंदी येत असेल तर बहुधा देवनागरी वाचता येते, इथल्या शाळेत शिकलेली असेल तर बहुधा मराठीही येते. मग मराठीतच लिहा, कारण तुमचा आवाज मराठीत आहे. वाक्यं आखूड ठेवा. 'उत्तरोत्तर उत्कर्ष होवो' असली वाक्यं मराठी सुनांनाही कळत नाहीत. देवनागरी येतच नसेल तर कागद द्या आणि स्वतः वाचून दाखवा, ती आणि तुम्ही दोघीच असताना. एखादं वाक्य तिच्या भाषेत घालायचं असेल तर ते तिच्या आईकडून लिहून घ्या, म्हणजे चूक होणार नाही. जमलं तर तेच वाक्य तिला सर्वांत जास्त आवडेल.

सध्या आमच्यात ताण आहे. मागच्या आठवड्यात शब्दाला शब्द झाला. खोटं खोटं गोड कसं लिहू?

खोटं लिहू नका, ते तिला पहिल्या ओळीत कळेल. तो वादही या कागदात आणू नका. 'झालं गेलं विसरून जा' हे लिहिणं म्हणजे त्याची आठवण करून देणंच, आणि वाढदिवसाच्या दिवशी तिला 'हो, विसरले' म्हणणं भाग पडतं. माफी मागायची असेल तर आदल्या दिवशी, तोंडाने. संदेश छोटा करा. एक खरी गोष्ट शोधा, भांडणाच्या आधीची, आणि तेवढीच लिहा. 'गणपतीत आरतीला तुझा आवाज सगळ्यांत वर होता. वाढदिवसाचे आशीर्वाद.' एवढ्यावर थांबलात तरी चालेल.

पाकिटात पैसे घालणार आहोत. संदेशात उल्लेख करावा?

नको. पाकीट वेगळं, कागद वेगळा. वर एक रुपयाचं नाणं विसरू नका. 'तुला हवं ते घे' एवढं तोंडाने सांगा, आणि नंतर काय घेतलं ते विचारू नका.

सहा महिन्यांपूर्वीच घरात दुःख झालं आहे. यंदा काही करायचं नाही असं ठरलं आहे.

केक, पाहुणे, नवी साडी, सगळं राहू द्या. कागद द्यायला काहीच हरकत नाही. उलट ते राहिलं तर तिला वाटतं की घराच्या दुःखात आपला दिवस कुणाच्या लक्षातच नव्हता.

तिचं उत्तर आलं, 'थँक यू अहो आई', आणि एक हसरा चेहरा. तिला आवडलं नाही का?

यावरून काही कळत नाही. हाताने लिहिलेल्या कागदाला काय उत्तर द्यायचं हे कुणालाच माहीत नसतं. 'वाचलंस का?' असं पुन्हा विचारू नका. कागद बहुतेक तिच्या ऑफिसच्या बॅगेत असेल. आठ-पंधरा दिवसांनी कप्प्यांत पुस्तकं लागली आहेत का, ते येता-जाता दिसेलच.

वाढदिवस होऊन चार दिवस झाले. आता देऊ का?

द्या. उशिराबद्दल एक ओळ वर, कारणं न देता. मग थेट शब्दकोड्यावर या.